पुरुषोत्तमपुरी : तेराव्या महिन्यावर जगणारं गाव

बीड जिल्ह्यात देवळांची वाण नाही. परळीला ज्योतिर्लिंग, अंबाजोगाईला कोकणस्थांची कुलदेवता योगेश्वरी, बीड शहरात कंकालेश्वर. या तिन्ही ठिकाणी भाविकांचा राबता वर्षभर कमी-जास्त चालूच असतो. माजलगाव तालुक्यातलं, गोदाकाठचं पुरुषोत्तमपुरी मात्र वेगळं आहे. एरवी इथं मोजकी माणसं येतात, आणि अधिकमास लागला की गावात पाय ठेवायला जागा उरत नाही. भगवान पुरुषोत्तमाचं हे जुनं विटांचं देऊळ. त्याच्या विटा पाण्यावर तरंगतात, असं गावकरी सांगतात. पण देवळाहून लक्ष द्यावं असं इथलं अर्थकारण आहे. इथल्या पौरोहित्याचा सुगीचा हंगाम तीन वर्षांतून एकदा येतो.

गावाची कुळकथा तांब्यावर कोरलेली आहे. शके १२३२, म्हणजे इसवी सन १३१०, या सालचा रामचंद्रदेव यादवाचा ताम्रपट इथंच सापडला. वासुदेव विष्णु मिराशींनी त्याचं वाचन प्रसिद्ध केलं. राजाचा मंत्री पुरुषोत्तम याला काही गावं मिळाली, आणि त्यानं ती एकत्र करून ब्राह्मणांना अग्रहार म्हणून दिली. अग्रहाराला नाव मिळालं ते मंत्र्याचं. देवगिरीचं राज्य तोवर दिल्लीला खंडणी देऊ लागलं होतं. बुडत्या राज्यातल्या मंत्र्यानं केलेली ही सोय नावापुरती तरी सातशे वर्षं टिकली, हे नवलच. अध्ययन-अध्यापन आणि पूजाअर्चा करणाऱ्यांनी पोटासाठी दारोदार फिरू नये, गावाच्या उत्पन्नावर जगावं, असा त्यामागचा हिशेब होता.

पुढे राज्यं बदलली. निजामाच्या काळात देवस्थानांच्या सेवेसाठी असलेल्या जमिनींना खिदमतमाश म्हणत. १९५४ च्या हैदराबाद इनाम निर्मूलन कायद्यानं बहुतेक इनामं गेली, पण धार्मिक संस्थांच्या इनामांना सूट मिळाली. ही सूट देवाला होती, पुजाऱ्याला नव्हे. जमीन देवाच्या नावावर. पुजाऱ्यानं सेवा करावी आणि त्या बदल्यात ती कसावी, विकू मात्र नये. मराठवाड्यात अशा जमिनींचे किती वाद महसूल कचेऱ्यांत पडून आहेत, हे तिथल्या कुणाही वकिलाला विचारावं.

जमिनीची वाटणी बांध घालून करता येते. पूजेची वाटणी करायची तर दिवस वाटावे लागतात. वंशपरंपरेनं चालणाऱ्या अनेक देवळांत त्यासाठी पाळी असते. समजा, एका पुजाऱ्याला दोन मुलगे. दोघांना सहा-सहा महिने. थोरल्याला तीन मुलगे, म्हणजे प्रत्येकी दोन महिने. धाकट्याला एकच, त्याचे सहा कायम. तिसऱ्या पिढीत चुलतभावांच्या मिळकतीत तिपटीचं अंतर पडतं. त्यातच थोरल्याच्या एका मुलाची पाळी भर उन्हाळ्यात पडली आणि दुसऱ्याची श्रावणात, तर तेवढेच दिवस राबूनही दोघांच्या हाती सारखं पडत नाही. म्हणून पुष्कळ घराण्यांत पाळ्या दरसाल पुढे सरकवतात. आणि तेरावा महिना आला की तो कुणाचा, हा प्रश्न उरतोच. करारात तो लिहिलेला नसेल तर भाऊबंदकी ठरलेली.

अधिकमास का येतो, ते साधं आहे. चांद्रवर्ष ३५४ दिवसांचं, सौरवर्ष ३६५ दिवसांचं. दरवर्षी पडणारा अकरा दिवसांचा फरक साठत जातो आणि सुमारे बत्तीस-तेहतीस महिन्यांनी एक जादा महिना धरावा लागतो. यावरूनच तेहतिसाचा आकडा दानात आला, असं सांगतात. यात्रेकरू गोदावरीत स्नान करतो, दर्शन घेतो, पुरण भरलेले कणकेचे धोंडे नैवेद्याला ठेवतो. मग तेहतीस अनारसे किंवा बत्तासे तबकात मांडून, वर दिवा लावून दान देतो. जाळीदार पदार्थ हवा, म्हणून अनारशाला मान. गुरुजी संकल्प सांगतात, त्यात स्थळ, काळ, गोत्र आणि नाव येतं. अनारसे पूर्वी घरी व्हायचे. तांदूळ तीन दिवस भिजवून, कांडून, गुळात मुरवून. आता मिठाईच्या दुकानात तयार मिळतात.

या दानाला एक हक्काचा प्रतिस्पर्धीही आहे. लेक आणि जावई लक्ष्मीनारायणाचा जोडा, म्हणून हेच दान जावयाला देण्याची रीत घराघरांत आहे. चांदीचं तबक, धोतर-उपरणं, अंगठी असं बरंचसं तिकडे जातं. गुरुजींच्या वाट्याला येतं ते तीर्थावरचं.

एक हंगाम बुडाला तर काय होतं, ते २०२० नं दाखवलं. त्या वर्षीचा अधिक आश्विन १८ सप्टेंबर ते १६ ऑक्टोबर असा होता. करोनामुळे राज्यातली मंदिरं मार्चपासून बंद होती, ती १६ नोव्हेंबरला, पाडव्याला उघडली. म्हणजे आख्खा अधिकमास कुलपाआड गेला. त्याआधीचा २०१८ च्या मे-जूनमध्ये, नंतरचा २०२३ च्या जुलै-ऑगस्टमध्ये. ज्यांची बेगमी अधिकमासावर होती त्यांना पाच वर्षं वाट पाहावी लागली. पूजेवर विसंबलेल्यांनाच ही झळ होती असं नाही. फुलं, बत्तासे, नारळ, चहा विकणाऱ्यांचंही तेच.

गंमत अशी की जो महिना पुरुषोत्तमपुरीला भरभरून देतो, तोच बीड-माजलगावच्या पुरोहिताचं काम बंद पाडतो. मलमासात लग्न नाही, मुंज नाही, वास्तुशांत नाही. अधिक श्रावण असेल तर तो चातुर्मासातच पडतो. लग्नं तशीही नसतात. पण २०२६ चा अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून असा, ऐन लग्नसराईतला. शहरातल्या गुरुजींची वर्षाची मिळकत ज्या मुहूर्तांवर उभी, त्यांतला मोठा वाटा त्यात गेला. एकाच विद्येवर जगणाऱ्या, एकाच जिल्ह्यातल्या दोन माणसांची वर्षं अशी एकमेकांच्या उलट चालतात.

पौरोहित्य घटत चाललंय, हे सरसकट म्हणणं मला पटत नाही. इंग्रज मानवशास्त्रज्ञ सी. जे. फुलर यांनी मदुराईच्या मीनाक्षी मंदिरातल्या पुजाऱ्यांचा अभ्यास केला. १९८४ च्या पुस्तकात त्यांना हक्क आक्रसलेले, हताश पुजारी दिसले. २००३ च्या पुस्तकात तेच पुजारी सुस्थितीत होते. आगमांचं रीतसर शिक्षण घेतलेले तरुण पुढे आले होते. आपल्याकडे पंढरपूरचं उलटं झालं. बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क संपवणारा १९७३ चा कायदा सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१४ च्या निकालानंतर पुरता अंमलात आला. पुरुषोत्तमपुरीच्या जीर्णोद्धारासाठी सरकारनं निधी मंजूर केला आहे. दगड-विटांसोबत पुजाऱ्याच्या हक्काचं आणि मोबदल्याचं काय ठरतं, ते आताच लिहून घेतलेलं बरं. ते नंतर कोर्टात ठरवणं दोन्ही बाजूंना महाग पडतं.

अधिकमासात जाणार असाल तर पहाटे पोहोचा, गर्दी उन्हासोबत वाढते. उन्हाळ्यातल्या अधिकमासात गोदावरीला पाणी किती आहे, याची चौकशी निघण्याआधी करा. दानाचं साहित्य सोबत न्या, आणि दक्षिणा किती ते संकल्प सोडण्याआधीच बोलून घ्या.