जिन्याच्या दिव्याचा धडा मराठीत आणताना

जिन्यातला दिवा खालून लावता यावा आणि वर गेल्यावर बंद करता यावा, यासाठी दोन टू-वे स्विचची जोडणी करतात. वायरमनच्या प्रशिक्षणात हा प्रयोग ठरलेलाच असतो. समजा, ब्रिटनमध्ये तयार झालेली या प्रयोगाची इंग्रजी पुस्तिका मराठीत आणायची आहे. तिच्यात कृतीच्या पायऱ्या, सरावाचे प्रश्न आणि उत्तरसूची आहे. शिकणारे प्रौढ आहेत, आणि त्यांतले काही जण आधीपासून मदतनीस म्हणून काम करतात.

पहिले पान मराठीत आणण्याआधी पाहायचे ते वायरींचे रंग. ब्रिटनमध्ये आज घरातल्या फेजची वायर तपकिरी आणि न्यूट्रलची निळी असते. थ्री-फेजमध्ये काळी वायर ही एक फेज असते. भारतात रूढ असलेल्या पद्धतीत लाल, पिवळी व निळी या तीन फेज, तर काळी न्यूट्रल. म्हणजे ‘निळी वायर थेट दिव्याच्या होल्डरला जोडा’ हे वाक्य भाषेच्या दृष्टीने बिनचूक असले, तरी भारतातल्या जुन्या बोर्डावर ते शिकणाऱ्याला फेजकडे नेऊ शकते. म्हणून वाक्यात आधी वायरीचे काम सांगावे, मग स्थानिक रंग: ‘न्यूट्रलची (काळी) वायर’. आकृतीतला रंगही त्याच वेळी बदलावा. व्होल्टेज मात्र दोन्हीकडे २३० धरले जाते, त्यामुळे तो आकडा तसाच राहतो. पुस्तिका अमेरिकी असती तर तोही तपासावा लागला असता, आणि तिथे याच स्विचला ‘थ्री-वे’ म्हणतात हेही लक्षात ठेवावे लागले असते.

पायऱ्यांमध्ये क्रमाला सर्वाधिक महत्त्व असते. ‘पुरवठा नाही याची खात्री होईपर्यंत टर्मिनलला हात लावू नका’ असे भाषांतर केले, तर खात्री कशी करायची हे वाचणाऱ्याला कळत नाही. त्याऐवजी तीन पायऱ्या कराव्यात. आधी चालू असलेल्या ठिकाणी टेस्टर लावून तो नीट चालतो का, ते पाहावे. मग काम करायच्या टर्मिनलवर तपासावे. शेवटी पुन्हा चालू ठिकाणी टेस्टर लावावा. तिसरी पायरी पहिलीचीच पुनरुक्ती वाटते आणि भाषांतरात गाळली जाण्याचा धोका असतो. पण मधल्या वेळेत टेस्टर बिघडला असेल, तर तो याच पायरीवर उघडा पडतो.

‘बंद’ हा शब्दही जपून वापरावा लागतो. पाठ्यपुस्तकातल्या ‘बंद परिपथा’त वीज वाहते, तर कामावर ‘सर्किट बंद आहे’ म्हणजे वीज नाही. कृतीच्या सूचनेत म्हणून ‘सर्किट पूर्ण झाले’ आणि ‘सर्किट तुटले’ असे लिहावे. परीक्षेत येणारी पारिभाषिक संज्ञा पहिल्यांदा एकदाच सोबत द्यावी. फेज, न्यूट्रल, अर्थिंग, होल्डर हे शब्द कामगारांच्या तोंडी असल्याने तसेच ठेवावेत. स्विचवर छापलेल्या रोमन खुणाही बदलू नयेत, कारण शिकणाऱ्याला हातातल्या स्विचवर त्याच दिसणार आहेत.

सरावाच्या प्रश्नांत मराठीचे व्याकरण उत्तर फोडू शकते. ‘दिव्याला थेट जोडली जाते ती ___’ या रिकाम्या जागेसाठी ‘स्विच, फ्यूज, न्यूट्रल वायर’ असे पर्याय दिले, तर ‘जोडली जाते’वरूनच उत्तर कळते. प्रश्न ‘दिव्याला थेट काय जोडतात?’ असा केला की ही अडचण जाते.

उत्तरसूची प्रश्नांबरोबर न नेता, मराठी आकृतीवरून प्रश्न स्वतः सोडवून तयार करावी. पुस्तिकेत एक प्रश्न असा आहे: दोन्ही स्विच वर असताना दिवा लागेल का? फेज पहिल्या स्विचच्या मधल्या टर्मिनलला, दिव्याकडे जाणारी वायर दुसऱ्याच्या मधल्या टर्मिनलला, आणि दोन्हींची बाजूची टर्मिनले सरळ, म्हणजे वरचे वरच्याला आणि खालचे खालच्याला जोडलेली असतील, तर दोन्ही स्विच एकाच स्थितीत असताना दिवा लागतो. नव्याने काढलेल्या आकृतीत या दोन वायरी एकमेकींना छेदून गेल्या, तर चारही उत्तरे उलटतात. जिन्यावर दिवा दोन्ही प्रकारांनी नीट चालतो, त्यामुळे चूक प्रयोगातून कळत नाही. ती फक्त उत्तरसूचीत राहते आणि बरोबर उत्तर लिहिणाऱ्याचे गुण जातात.

शेवटची तपासणी इंग्रजी न येणाऱ्या शिकाऊ वायरमनकडून करून घ्यावी. पुरवठा नसलेल्या सरावाच्या बोर्डावर, जाणकाराच्या देखरेखीखाली, केवळ मराठी पान वाचून त्याने जोडणी करावी. शेजारी बसलेल्याने काही सांगू नये. तो जिथे थांबतो किंवा प्रश्न विचारतो, तिथल्या पायरीवर खूण करून ती पुन्हा लिहावी. जोडणी झाल्यावर मीटरने सातत्य तपासावे आणि प्रशिक्षकाने पाहिल्यानंतरच पुरवठा द्यावा.