शिरोरेषा वाकवताना

‘दादा, बेकरीसाठी लोगो पाहिजे. गोल, बॅजसारखा. जुन्या काळातला वाटला पाहिजे. रंग दोनच ठेवा, छपाई स्वस्त पडते. उद्यापर्यंत होईल का?’

गावोगावच्या डिझायनरांच्या व्हॉट्सअॅपवर असे निरोप नेहमीचेच. यातली मागणी तशी चुकीची नाही. गोल, जुनं आणि कमी रंगांचं या तीन गोष्टी मुळातच एकमेकींच्या नात्यातल्या आहेत. पण निरोपात जे लिहिलेलं नाही ते कोणीतरी ठरवतंच. मालकाने नाही ठरवलं तर डिझायनर ठरवतो, आणि तो घाईत असला तर त्याचं सॉफ्टवेअर.

हा जुना थाट आला कुठून, ते आधी पाहू. दगडावरच्या छपाईत, म्हणजे शिळाछापात, प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागायचा आणि कागद तितक्या वेळा यंत्रातून काढावा लागायचा. राजा रविवर्म्याची देवादिकांची चित्रं याच पद्धतीने छापली गेली. चित्राला एकावर एक अनेक दगड परवडत, पण बिस्किटाच्या पुड्यावरच्या लेबलाला कोण एवढा खर्च करणार? तिथे एक-दोन रंगांत भागवायचं. मग कागदाचा मूळ रंगच तिसरा रंग म्हणून वापरायचा, आणि छटा हवी असेल तर रेघा दाट-विरळ मारायच्या. आज ज्याला आपण ‘व्हिंटेज’ म्हणतो, त्यातलं बरंचसं म्हणजे त्या काळातली काटकसर. गोल आकार आला तो नाण्यांवरून, लाखेच्या मोहरांवरून आणि डब्यांच्या झाकणांवरून. अमेरिकेतल्या स्टारबक्सचं १९७१चं पहिलं चिन्ह याच वळणाचं होतं : एकच तपकिरी रंग, मध्ये जलपरी आणि भोवतीच्या कड्यात दुकानाचं नाव. २०११ साली कंपनीने ते कडं आणि त्यातली अक्षरं काढूनच टाकली. नाव न लिहिताही लोक ओळखतात अशी स्थिती आली की कडं सोडता येतं. नव्या बेकरीला ती चैन नाही. तिचं नाव कड्यातच वाचलं जायचं आहे.

खरी गंमत इथेच सुरू होते, कारण गोल बॅजचे बहुतेक नमुने रोमन लिपीतले असतात.

समजा, वाईतल्या एका बेकरीचं नाव आहे ‘अन्नपूर्णा बेकरी’. रोमन मोठी अक्षरं सगळी एका उंचीची, सुटी-सुटी, खालच्या रेषेवर उभी. ती वर्तुळावर ठेवली की प्रत्येक अक्षर थोडं कलतं आणि काम झालं. अक्षरांमध्ये ऐसपैस जागा सोडली तर उलट ती अधिक जुनी आणि रुबाबदार दिसतात. देवनागरी मात्र उभी राहत नाही, ती वरच्या रेषेला लटकते. जागा सोडायला जावं तर शिरोरेषा तुटते आणि एका शब्दाचे चार तुकडे दिसतात. न सोडावी तरी अडचण आहेच. सॉफ्टवेअर प्रत्येक अक्षर वेगळं फिरवतं, पण त्याच्या डोक्यावरची रेघ सरळच राहते. त्यामुळे कमानीच्या जागी तुटक्या काड्यांची माळ तयार होते. वरच्या कमानीत अक्षरांची डोकी फाकतात आणि पाय एकमेकांत अडकतात. त्यात ‘पू’चा ऊकार आतल्या वर्तुळाला टेकतो आणि ‘र्णा’वरचा रफार बाहेरच्या वर्तुळात घुसतो.

मापं घेतली की हे नीट कळतं. केकच्या खोक्यावर लावायचा स्टिकर चाळीस मिलिमीटर व्यासाचा धरू. कडेला दोन मिलिमीटर मोकळे सोडले, तर बाहेरची रेघ केंद्रापासून अठरा मिलिमीटरवर येते. वेलांटी, मात्रा आणि रफार यांना दोन मिलिमीटर ठेवून शिरोरेषा सोळावर आली. अक्षराची उंची साडेतीन, म्हणजे पाय साडेबारावर. त्याखाली ऊकाराला दीड मिलिमीटर दिला की आतली रेघ अकरावर. एकूण पट्टा सात मिलिमीटरचा झाला आणि त्यात अक्षराचा मूळ देह जेमतेम निम्मा. रोमन नमुन्यावरून कडं उचललं की देवनागरी नेमकी इथे घुसमटते, कारण त्या कड्यात मात्रा-उकारांची जागा धरलेलीच नसते. शिवाय शिरोरेषेच्या पातळीवर वर्तुळाचा घेर सुमारे शंभर मिलिमीटर, तर पायांच्या पातळीवर साडेअठ्ठ्याहत्तर. अक्षरांच्या पायांना डोक्यापेक्षा पाचवा हिस्सा जागा कमी मिळते.

यावरचा उपाय जुने पाटी रंगवणारे हातानेच करत. आधी शिरोरेषेची एक सलग कमान ओढायची, मग तिला एकेक अक्षर टांगायचं आणि पाय किंचित निमुळते करायचे. संगणकावरही तेच करावं लागतं. टाइप केलेल्या मजकुराचं रेखाटनात रूपांतर करून प्रत्येक अक्षराची सरळ रेघ कापून टाकायची आणि सगळ्यांवर मिळून एकच वक्र रेघ घालायची. कसलेल्या हाताचं हे दोन-तीन तासांचं काम आहे, ‘उद्यापर्यंत’च्या घाईत नेमकं तेच गळतं. मालकाला ते तपासणं मात्र अगदी सोपं आहे. आलेली प्रतिमा मोबाइलवर ताणून मोठी करायची आणि शिरोरेषेवरून नजर फिरवायची. जिथे कोपरा, फट किंवा जाड गाठ दिसेल, तिथे काम यंत्रावर सोडलेलं आहे. सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांची सोय सुरू नसेल तर आणखी एक घोटाळा होतो : ‘बिस्किट’मधली पहिली वेलांटी सरकते आणि ‘स्कि’ फुटून पाय मोडलेला ‘स्’ वेगळा पडतो. म्हणून नाव निरोपात टाइप करून पाठवावंच, शिवाय कागदावर लिहून त्याचा फोटोही द्यावा.

खालच्या कमानीत नाव लिहायचा मोह टाळलेला बरा. तिथे मजकूर सुलटा वाचता यावा म्हणून अक्षरांची डोकी केंद्राकडे करावी लागतात. वरची शिरोरेषा बाहेरच्या अंगाला आणि खालची आतल्या अंगाला, अशाने कडं एकसंध वाटत नाही. खाली ‘वाई’ आणि साल एवढंच पुरे. आकड्यांना शिरोरेषा नसते, त्यामुळे ते वळणावर निमूट बसतात. साल मात्र खरं असावं. गेल्या दिवाळीत उघडलेल्या दुकानाने ‘स्थापना १९५२’ छापणं याला थाट म्हणत नाहीत, थाप म्हणतात.

मधल्या चित्राबद्दल एवढंच की गव्हाच्या लोंब्या, शेफची टोपी आणि लाटणं ही त्रयी जगातल्या प्रत्येक बेकरीने वापरून झाली आहे. लादीपावाची सहा फुगीर डोकी किंवा भेगाळलेली नानकटाई पाच-सहा जाड रेघांत उभी राहते आणि गिऱ्हाइकाला ती ओळखीची असते.

आता रंग. ‘दोन रंग’ एवढं सांगून भागत नाही, कोणत्या पृष्ठभागावर ते सांगावं लागतं. अन्नपूर्णेच्या मालकाला समजा गडद तपकिरी आणि मोहरीचा पिवळा हवा आहे. पांढऱ्या खोक्यावर दोन्ही झकास दिसतील. खाकी कागदी पिशवीवर मात्र पिवळा जवळजवळ नाहीसा होईल, कारण छपाईची नेहमीची शाई पारदर्शक असते आणि खालचा कागद तिच्यातून दिसतो. मग लोक म्हणतात, ‘छपाईवाल्याने फसवलं.’ बिचाऱ्याने दिलेलंच छापलेलं असतं. म्हणून सगळा अर्थ तपकिरीत हवा : नाव, वर्तुळं, पावाच्या कडा. पिवळा फक्त पावाच्या पोटात भरायला. तो उडाला तरी चिन्ह शाबूत राहतं, आणि एकरंगी रबरी शिक्काही त्यातूनच निघतो.

छपाईवाल्याला ‘तपकिरी’ असा शब्द नाही, शाईचा नंबर द्यायचा. नाहीतर तो तपकिरी चार मूळ रंगांच्या ठिपक्यांतून बनवला जातो आणि कागद केसभर सरकला की बारीक अक्षरांना रंगीत सावली येते. दोन रंग जिथे भिडतात तिथेही हाच धोका असतो. पिवळा तपकिरीच्या खाली थोडासा घुसवून ठेवला नाही, तर मध्ये पांढरी चीर दिसते.

जुनेपणासाठी डिझायनर बहुधा झिजल्यासारखा, ओरखडलेला पोत घालतात. पडद्यावर तो फार गोड दिसतो. वीस मिलिमीटरच्या स्टिकरवर तेच ठिपके भरून येतात आणि लोगो मळलेला वाटतो, एप्रनवर भरतकाम करणारा तर ते शिवूच शकत नाही. पोत हवाच असेल तर तो वेगळ्या फाइलमध्ये मागावा आणि मूळ चिन्ह स्वच्छ ठेवावं.

गोल स्टिकरची आणखी एक खोड असते. कापणीचा साचा अर्धा-एक मिलिमीटर सरकतोच. बाहेरची जाड रेघ अगदी काठावर असेल, तर ती एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला बारीक दिसते आणि लांबूनही खटकते. मघाचे दोन मिलिमीटर त्यासाठीच मोकळे सोडले होते. व्हॉट्सअॅपचा डीपीही गोलच कापला जातो, त्यामुळे तिथेही तीच मोकळी कड कामी येते.

ट्रेडमार्कचा अर्ज करताना काळ्या-पांढऱ्या प्रतीला वेगळाच भाव येतो. १९९९च्या ट्रेडमार्क कायद्यातल्या दहाव्या कलमानुसार, रंगाची मर्यादा न घालता नोंदवलेलं चिन्ह सर्व रंगांसाठी नोंदवलं गेलं असं मानतात. पाव आणि बिस्किटं तिसाव्या वर्गात येतात. अन्न परवान्याचा चौदा आकडी नंबर काही जण हौसेने कड्यात कोंबतात. त्याची जागा लेबलवर, लोगोत नाही.

हे सगळं ध्यानात ठेवून तोच निरोप पुन्हा लिहिला, तर तो साधारण असा होईल :

‘वरच्या कमानीत “अन्नपूर्णा बेकरी”, खाली “वाई” आणि साल. मध्ये सहाची लादी, जाड रेघांत. शिरोरेषा सलग वक्र हवी, अक्षरागणिक तुटलेली नको. नमुना म्हणून आमच्या आळीतल्या जुन्या रंगवलेल्या पाटीचा फोटो जोडला आहे, अक्षरं त्या वळणाची हवीत. रंग दोन, पण एकट्या तपकिरीतही पूर्ण दिसलं पाहिजे. खाकी पिशवी, पांढरं खोकं, चाळीस आणि वीस मिलिमीटरचे स्टिकर आणि रबरी शिक्का यांवर वापरणार. आधी फक्त काळ्या रंगातला कच्चा आराखडा पाठवा, रंग नंतर. शेवटी कितीही मोठी केली तरी न फुटणारी `.svg` आणि `.pdf` फाइल द्या. दुरुस्त्या दोनदा, आठ दिवसांत.’

काळा आराखडा आला की तो कागदावर दोन्ही मापांत छापायचा, कापायचा आणि खोक्यावर डकवून काउंटरपासून चार पावलं मागे जायचं. चाळीसवर सगळं छान दिसेल. वीसवर अक्षराची उंची पावणेदोन मिलिमीटर उरते आणि ‘न्न’चा नुसता काळा डाग होतो. तेव्हा दोनपैकी पहिली दुरुस्ती ठरलेली : छोट्या स्टिकरसाठी कडं आणि नाव दोन्ही काढायचं आणि त्यावर नुसती लादी ठेवायची. हा स्टिकर नानकटाईच्या पुड्यावर लागणार आहे आणि पुड्याच्या मागच्या लेबलवर बेकरीचं पूर्ण नाव आहेच.