बासष्ट ओळींचा तक्ता आणि पाच ओळींचा

पहिला तक्ता मी एका दुपारीच उरकला होता. डावीकडे बासष्ट सुविधा, वर चार ॲप, आणि प्रत्येक चौकटीत बरोबर किंवा चूक अशी खूण. आमच्या सहकारी बँकेच्या ॲपला सर्वांत जास्त ‘बरोबर’ मिळाले आणि आम्ही पहिले आलो. ग्राहकसेवा विभागातल्या मॅडमनी तो कागद पाहिला आणि एवढंच विचारलं, “या बासष्ट ओळी आणल्या कुठून?”

मी आमच्याच ॲपचा मेनू उघडून त्या वरून खाली उतरवल्या होत्या. प्रश्नपत्रिका आम्हीच काढलेली, तीही उत्तरं समोर ठेवून. शिवाय ‘तक्रार नोंदवण्याची सोय’ या ओळीत चारही ॲपना बरोबरची खूण होती. ती सोय कुठे दडली आहे आणि सापडायला किती वेळ लागतो, हे त्या खुणेत कुठेच दिसत नव्हतं.

मग सुरुवात उलट्या टोकाने केली. लोक ॲप कशासाठी उघडतात आणि कुठे अडून शाखेत फोन करतात, याच्या आमच्याच नोंदी काढल्या. त्यातून पाच कामं उरली: बाकी पाहणं, नव्या माणसाला पैसे पाठवणं, अडकलेल्या पैशांची तक्रार करणं, कार्ड तात्पुरतं बंद करणं, आणि हे सगळं मराठीत व मोठ्या अक्षरांत जमणं. प्रत्येकाला महत्त्वाप्रमाणे वजन दिलं, बेरीज शंभर. एक ते पाच गुणांपैकी कुठला गुण कशासाठी द्यायचा, तेही लिहून काढलं. एकही ॲप उघडण्याआधी त्या कागदावर तिघांच्या सह्या घेतल्या. मोजमाप झाल्यावर वजनं ठरवली की हात नकळत आपल्या बाजूला झुकतो.

प्ले स्टोअरवरच्या ताऱ्यांची ओळ घ्यावी, असा आग्रह होता. ती गाळली. एखादं ॲप व्यवहार सुरळीत पार पडल्या पडल्या तारे मागतं, दुसरं कधीच मागत नाही. अशा दोन आकड्यांची तुलना करून काही कळत नाही.

प्रत्यक्ष मोजायला बसलो तेव्हा पहिली अडचण सिमची आली. बँकेचं ॲप नोंदणीकृत नंबरचं सिम त्याच फोनमध्ये आहे का ते तपासतं. आम्हाला तर चारही ॲप एकाच साध्या, तीन जीबी रॅमच्या फोनवर बघायची होती. म्हणून सहकाऱ्यांची खाती त्यांच्या संमतीने घेतली आणि दर वेळी सिम बदलून नव्याने नोंदणी केली. नव्या नोंदणीनंतर काही ॲप पैसे पाठवण्यावर तात्पुरती मर्यादा घालतात, त्यामुळे दोन दिवसांचं काम आठवडाभर चाललं. दुसरी अडचण चित्रीकरणाची. ही ॲप स्क्रीन रेकॉर्ड करू देत नाहीत, नुसता काळा पडदा येतो. शेवटी स्टँडवर दुसरा फोन लावून बोटांसकट चित्रण केलं आणि वेळ त्यावरून मोजली.

बाकी पाहण्याची वेळ आयकॉनवर बोट टेकल्यापासून रक्कम दिसेपर्यंत धरली. दर वेळी ॲप आधी पूर्ण बंद केलं, ऑफिसचं वायफाय काढून मोबाइल डेटावर आलो. आमच्या ॲपच्या पाच वेळा सेकंदांत अशा आल्या: ९, ८, २३, ९, १०. सरासरी जवळपास बारा येते, पण तसा अनुभव पाचांतून एकदाही आला नव्हता. एका अडखळण्याने सरासरी फुगते, म्हणून चढत्या क्रमाने लावून मधला आकडा घेतला: नऊ. तेवीस मात्र शेऱ्यात लिहून ठेवले, कारण ज्याला ते तेवीस सेकंद थांबावं लागलं त्याच्यासाठी ते खरेच असतात.

पैसे पाठवताना आणखी एक खाच निघाली. नवा लाभार्थी जोडल्यावर काही बँका काही काळ थांबायला लावतात. घड्याळ सरळ चालू ठेवलं तर ते ॲप संथ ठरतं, पण ते थांबणं चोराला अडवण्यासाठी असतं. म्हणून ग्राहकाचा हात प्रत्यक्ष चालू होता तेवढीच मिनिटं धरली. सुरक्षेसाठी कुणाचे गुण कापले नाहीत.

सर्वांत बारकाईने पाहिली ती तक्रारीची वाट. अडकलेला व्यवहार मुद्दाम घडवता येत नाही आणि खोटी तक्रार करणं बरं नाही. म्हणून जुन्या एका यूपीआय व्यवहारावरून सुरुवात करून शेवटच्या ‘पाठवा’ बटणाच्या अलीकडे थांबलो. ‘अ’ या मोठ्या खाजगी बँकेच्या ॲपमध्ये त्या व्यवहारावरच ‘तक्रार’ लिहिलं होतं, क्रमांक आणि रक्कम आपोआप भरलेली. आमच्या ॲपमध्ये मागे जाऊन मेनू, मग ‘सेवा’, मग ‘इतर’, आणि तिथल्या अर्जात बारा आकडी व्यवहार क्रमांक हाताने लिहायचा. तो पाहायला पुन्हा मागे गेलं की अर्ज कोरा. आमच्या लेखा विभागातल्या सहकाऱ्याने शेवटी तो क्रमांक तळहातावर लिहून घेतला.

पूर्ण झालेला तक्ता असा. ‘अ’ ती मोठी खाजगी बँक, ‘ब’ राष्ट्रीयीकृत आणि ‘क’ आमच्यासारखीच सहकारी.

| काम | वजन | आम्ही | अ | ब | क |
|---|---|---|---|---|---|
| बाकी पाहणं | ३० | ४ | ४ | २ | ३ |
| पैसे पाठवणं | २५ | ३ | ४ | ३ | ३ |
| अडकलेल्या पैशांची तक्रार | २० | १ | ४ | ३ | १ |
| कार्ड बंद करणं | १५ | २ | ५ | ४ | ३ |
| मराठी व मोठी अक्षरं | १० | ४ | १ | ४ | ३ |
| शंभरपैकी | | ५७ | ७७ | ५९ | ५२ |

गुणाला वजनाने गुणायचं, बेरीज करायची आणि पाचने भागायचं, एवढंच गणित. आता ‘आम्ही तिसरे’ असं लिहून मोकळं होता आलं असतं. पण आधी वजनं हलवून पाहिली. बाकी पाहण्याला चाळीस आणि तक्रारीला दहा दिले, तर आम्ही ६३ वर जातो आणि ‘ब’ ५७ वर उतरते. म्हणजे आमच्यातला आणि ‘ब’मधला क्रम वजनांवर ठरतो, ॲपवर नाही. त्याबद्दल ठाम बोलण्यात अर्थ नव्हता. ‘अ’ मात्र दोन्ही वेळा ७७ वरच राहिली. आणि आमचे तक्रारीतला एक व कार्डातले दोन गुण वजनांनी बदलत नाहीत.

म्हणून निष्कर्षात क्रमांक लिहिला नाही, काम लिहिलं. तक्रारीची वाट व्यवहारावरच आणून एकाचे चार गुण केले, तर या एका दुरुस्तीने बारा गुण वाढून आम्ही ६९ वर जातो. बाकी पाहणं चाराचं पाच केलं तर सहाच वाढतात. दुसरं कारण नियमाचं. व्यक्तीने व्यक्तीला यूपीआयने पाठवलेले पैसे खात्यातून गेले पण पोचले नाहीत, तर ते दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला हवेत आणि पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई द्यायची, असं रिझर्व्ह बँकेचं सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक सांगतं. हक्क असलेल्या माणसाला तो मागायची जागाच आम्ही मेनूच्या तळाशी ठेवली होती.

तक्त्याखाली फोनचं मॉडेल, चारही ॲपच्या आवृत्त्या आणि तारखा लिहिल्या. एक फोन, एक आठवडा, चार खाती, एवढीच त्याची हद्द आहे. एखाद्या ॲपची नवी आवृत्ती आली की त्याचा रकाना शिळा होतो.

व्यवस्थापनाकडे गेलेल्या कागदावर तक्त्याच्या वर दोनच वाक्यं होती: “तक्रारीचं बटण व्यवहाराच्या पानावर आणावं आणि व्यवहार क्रमांक आपोआप भरावा. नवीन सुविधा त्यानंतर.”