उत्तर उताऱ्यातच असतं

‘दिवाळी तोंडावर आली तरी बाजारात कांद्याला उठाव नव्हता. माल एक नंबर होता, वखारी भरलेल्या होत्या. पण भाव उतरवूनही गिऱ्हाईक फिरकत नव्हतं.’

असा उतारा देऊन ‘उठाव’ या शब्दाचा इथला अर्थ विचारला आणि बंड, दर्जा, भाव, मागणी असे चार पर्याय दिले, तर बरेच विद्यार्थी अडखळतात. इतिहासाच्या पुस्तकामुळे ‘बंड’ हा अर्थ तोंडपाठ असतो, म्हणूनच तो पर्यायांत ठेवलेला असतो. कांदा बंड करत नाही, एवढं लक्षात आलं की तो गळतो. खरी अडचण पुढच्या दोन पर्यायांची. ‘कांद्याला दर्जा नव्हता’, ‘कांद्याला भाव नव्हता’ ही दोन्ही वाक्यं कानाला खटकत नाहीत. पहिल्याच वाक्यावर थांबणारा विद्यार्थी इथे फसतो.

निकाल लागतो तो पुढच्या दोन वाक्यांत. माल एक नंबर होता, म्हणजे दर्जाची तक्रार नाही. भाव उतरवला तरी फरक पडला नाही, म्हणजे अडचण भावाचीही नाही. गिऱ्हाईकच येत नव्हतं. तेव्हा उरते ती मागणी. ‘माल एक नंबर होता’ हे चार शब्द प्रश्न काढणाऱ्याने मुद्दाम पेरलेले असतात. ते आणि भावाचा उल्लेख काढून टाका. लगेच ‘दर्जा’ आणि ‘भाव’ हेही बरोबर ठरू लागतील आणि प्रश्नच सदोष होईल.

म्हणून पर्याय वाचण्याआधी ते हाताने झाकावेत. विचारलेल्या शब्दाच्या जागी आपला साधा शब्द घालून बघावा, मग त्याच्या जवळचा पर्याय निवडावा आणि तो बसवून मागचं-पुढचं वाक्य पुन्हा वाचावं. निवडलेल्या पर्यायाला आधार देणारे शब्द उताऱ्यात बोट ठेवून दाखवता आले नाहीत, तर तो अंदाज समजावा.

पुस्तक किंवा वर्तमानपत्र वाचताना मात्र ही युक्ती दर वेळी चालत नाही. इझाबेल बेक, मार्गारेट मॅककीऑन आणि एलेन मॅककॅस्लिन या अमेरिकी अभ्यासकांनी १९८३ मध्ये संदर्भांचे चार प्रकार मांडले. काही संदर्भ नेमका अर्थ सुचवतात, काही अर्थाची ढोबळ दिशा देतात, काही काहीच सांगत नाहीत आणि काही चक्क चुकीच्या अर्थाकडे नेतात. लेखक आपलं म्हणणं मांडत असतो. प्रत्येक शब्दाचा खुलासा करायला तो बांधलेला नसतो. प्रश्नपत्रिका काढणारा तसा बांधलेला असतो. त्यामुळे परीक्षेत पुरावा शोधायचा. घरी वाचताना तो सापडला नाही, तर सरळ शब्दकोश उघडायचा.