रेफरी बदलला की कार्डांचा अंदाज किती बदलावा?

इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये कोणत्या सामन्याला कोण रेफरी, हे काही दिवस आधीच जाहीर होते. नाव कडक रेफरीचे असेल, तर एकूण कार्डांवरच्या सट्ट्याचे भाव हलतात. ते किती हलायला हवेत?

समजा, लीगची सरासरी सामन्याला ४ कार्डे आहे आणि या रेफरीची २० सामन्यांत ५. थेट ५ धरणे चूक ठरेल. वीस सामने हा नमुना लहान आहे, शिवाय कडक रेफरींना अनेकदा चुरशीच्याच लढती मिळतात. संघांचा स्वभाव वजा करून उरलेला फरक साधारण निम्म्यावर आणला, तर अंदाज साडेचारच्या आतच राहतो.

खेळाडूच्या कार्डाचे गणित वेगळे आहे. एक रेफरी २८ फाउल देऊन ४ कार्डे दाखवतो, दुसरा २० फाउलमध्येच तेवढी. एकूण आकडा सारखाच. पण पहिल्याकडे वारंवार छोटे फाउल करणारा मिडफिल्डर अडकतो, दुसऱ्याकडे एकच धसमुसळा टॅकल महागात पडतो.

वेळकाढूपणा आणि हुज्जत यांची कार्डे मात्र वेगळी मोजावीत. रेफरीची जादा कार्डे त्यातून येत असतील, तर शांतपणे टॅकल करणाऱ्या बचावपटूची शक्यता फारशी वाढत नाही. सरसकट सगळ्यांचे भाव वाढवले, की नेमका तिथेच अंदाज चुकतो. शिवाय नाव जाहीर होताच बाजारही हेच गणित मांडतो. उशिरा येणाऱ्याला त्यात फायदा क्वचितच उरतो.