बाण तेवढाच, मजकूर तिप्पट

आशा कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणासाठी जुलाबावरचे एक इंग्रजी प्रेझेंटेशन मराठीत करायचे आहे, असे समजा. त्यातल्या एका स्लाइडवर ओळीने चार बाण आहेत: असेस, प्लॅन, ट्रीट, रेफर. इंग्रजीत प्रत्येक बाणात एकेकच शब्द, तोही ऐसपैस बसलेला. मराठीत पहिले दोन 'तपासा' आणि 'ठरवा' म्हणून निमूट बसतात. तिसरा 'उपचार करा' होतो. चौथ्या बाणात 'रुग्णालयात पाठवा' लिहिले, की एकदम चारही बाणांतली अक्षरे बारीक होतात.

पॉवरपॉइंटमधली SmartArt ही सोय एका पातळीवरच्या सगळ्या चौकटींत अक्षरांचा आकार सारखा ठेवायला बघते. त्यामुळे सर्वांत लांब मजकूर ज्या आकारात मावेल तो आकार सगळ्यांच्या वाट्याला येतो आणि मागच्या रांगेतल्या ताईंना 'तपासा'देखील वाचता येत नाही. इथे शब्दांशी झटापट करण्यापेक्षा आकृती बदलावी. आडवे बाण उभ्या पट्ट्यांत मांडले, की क्रम तोच राहतो आणि प्रत्येक पट्टीला स्लाइडची जवळजवळ पूर्ण रुंदी मिळते. मग 'रुग्णालयात पाठवा' तर मावतेच, शिवाय शेजारी कधी पाठवायचे तेही लिहिता येते.

भाषांतरात मजकूर वाढतोच, पण ही वाढ सरसकट नसते. लांब परिच्छेद थोडा फुगतो. एकदोन शब्दांची बटणे, मथळे आणि तक्त्यांचे रकाने मात्र दुप्पट-तिप्पट होऊ शकतात. म्हणून जाणकार अनुवादक पहिल्या स्लाइडपासून सुरुवात करत नाही. सर्वांत दाटीची स्लाइड आधी मराठीत करून पाहतो आणि तिथे जी मापे टिकतात तीच सगळीकडे ठेवतो.

ही मापे स्लाइडगणिक बदलण्यात अर्थ नाही. View मेनूतल्या Slide Master मध्ये मूळ साचा असतो. चौकट रुंद करणे, फॉन्ट नेमणे, ओळींमधले अंतर ठरवणे ही कामे तिथे एकदाच करावीत. त्यातही ओळींच्या अंतराकडे मुद्दाम पाहावे, कारण मराठी मजकूर आडवा वाढतो तसा उभाही वाढतो. ऑफिसच्या नेहमीच्या साच्यात मुख्य मजकुराचे अंतर ०.९ पट असते. इंग्रजीला ते पुरते. देवनागरीत मात्र वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला टेकतो, रफार आणि अनुस्वार दाटीत हरवतात. तेच अंतर १ किंवा १.१ पट केले, की ओळी मोकळा श्वास घेतात. मथळ्याची अक्षरे इंग्रजी साच्यात फाकवलेली असतील, तर तेही अंतर काढून टाकावे, नाहीतर शिरोरेषेत खिंडारे पडतात.

सगळ्यांत फसवी सोय म्हणजे Shrink text on overflow. मजकूर चौकटीबाहेर जाऊ लागला, की ती अक्षरे गुपचूप लहान करते. संगणकासमोर बसलेल्याला वाटते, सगळे छान बसले! Slide Sorter उघडून सगळ्या स्लाइड एकत्र पाहिल्या, की लबाडी उघडी पडते: एका स्लाइडवरचा मजकूर ठसठशीत, तर शेजारच्या स्लाइडवरचा तसाच मजकूर मुंगीएवढा. ही सोय बंद करून मजकूर बाहेर सांडू द्यावा. निदान कुठे कात्री लावायची ते कळते.

कात्री म्हणजे अर्थाची काटछाट नव्हे. 'अतिसार झालेल्या बाळाची घरी घ्यावयाची काळजी' हा मथळा दोन ओळी खातो. 'जुलाब : घरची काळजी' एका ओळीत बसतो आणि ऐकणाऱ्यांच्या बोलण्यातलाही आहे. 'बाळाला स्तनपान देणे सुरूच ठेवावे' याऐवजी 'अंगावरचे दूध चालूच ठेवा' पुरते. 'झिंकची गोळी रोज, १४ दिवस' यातला आकडा मात्र स्लाइडवरच हवा. 'जुलाब थांबले तरी गोळी का थांबवायची नाही' हे स्पष्टीकरण खालच्या टिपणांत हलवता येते. ते प्रशिक्षकाने तोंडी सांगायचे असते.

आलेखांची दुरुस्ती याहून सोपी. उभ्या स्तंभांखालची लांब मराठी नावे तिरकी होऊन मान वाकडी करायला लावतात. स्तंभ आडवे केले, की नावे डावीकडे सरळ वाचता येतात.

शेवटी फॉन्ट. इंग्रजीसाठी निवडलेला फॉन्ट देवनागरीला लागू होतोच असे नाही. त्यात मराठी अक्षरे नसतील, तर संगणक आपल्याकडचा दुसरा फॉन्ट वापरतो, आणि सभागृहातल्या संगणकावर तो तिसराच निघू शकतो. मग ओळी वेगळ्या जागी तुटतात आणि नीट बसवलेली स्लाइड विस्कटते. म्हणून साच्यात निर्मला किंवा मुक्तासारखा देवनागरी फॉन्ट ठरवून घ्यावा, फाइल जतन करताना Embed fonts in the file वर खूण करावी आणि सोबत एक पीडीएफ न्यावी.