बदल सांगितला, दाखवला नाही

सॉफ्टवेअर कंपनीत दुपारी एक निरोप येतो : "65 वर्षे पूर्ण झालेल्या प्रवाशांना अर्धे तिकीट लागत नव्हते. दुरुस्त केले आहे. रिव्ह्यू करून घ्याल का?" निरोप नीट लिहिलेला आहे, चूक कुठली होती तेही कळते. फक्त सोबत काहीच जोडलेले नाही. फाइल नाही, दुवा नाही, बदललेली एक ओळसुद्धा नाही.

प्रोग्रामर मंडळींच्या रोजच्या कामात हे वारंवार घडते. एकाने लिहिलेला कोड मुख्य प्रणालीत जाण्याआधी दुसऱ्याने वाचायचा आणि चूक दिसली तर अडवायचा, याला कोड रिव्ह्यू म्हणतात. वाचणारा सगळी प्रणाली वाचत नाही, तेवढा वेळ कुणालाच नसतो. तो वाचतो ती जुन्या आणि नव्या कोडमधली तफावत, म्हणजे डिफ. ही तफावत काढून देणारा `diff` हा प्रोग्राम बेल लॅब्जमध्ये डग्लस मॅकिलरॉय आणि जेम्स हंट यांच्या कामातून तयार झाला आणि 1974 साली युनिक्सबरोबर बाहेर पडला. पुढे 1985 मध्ये लॅरी वॉल यांनी `patch` लिहिला. तफावतीची छोटी फाइल पाठवायची आणि समोरच्याने ती आपल्या प्रतीवर चढवायची, अशी सोय त्यामुळे झाली. दूरदूरच्या माणसांनी एकत्र सॉफ्टवेअर लिहिण्याची पद्धत याच दोन साधनांवर उभी राहिली.

तिकिटाच्या त्या निरोपाचे डिफ समजा असे असेल :

```
-    if age > 65:
-        fare = fare / 2
+    if age >= 65:
+        fare = fare // 2
```

वजा चिन्हाच्या ओळी जुन्या, अधिक चिन्हाच्या नव्या. पहिल्या ओळीत "65 पेक्षा जास्त"चे "65 किंवा जास्त" झाले आहे. निरोपात सांगितले ते हेच, आणि ते बरोबर आहे. आता दुसरी ओळ बघा. तिथे एका तिरप्या रेषेच्या दोन झाल्या आहेत. पायथन भाषेत `//` लिहिले की भागाकारातला अपूर्णांक गळतो. 25 रुपयांच्या तिकिटाचे निम्मे आधी साडेबारा रुपये होत होते, आता बारा होतील. हा बदल हेतुपुरस्सर असेल किंवा हात चुकून झाला असेल. निरोपात त्याचा उल्लेख नाही, कारण लिहिणाऱ्याच्या डोक्यात फक्त पहिली ओळ होती. त्याने खोटे काही सांगितलेले नाही. माणूस आपल्याला काय करायचे होते ते सांगतो. प्रत्यक्षात काय झाले ते कोडमध्येच असते.

म्हणून नुसते वर्णन वाचून "ठीक वाटते" असे उत्तर देणे हे रिव्ह्यूच्या कामातले सर्वांत घातक उत्तर आहे. रिव्ह्यूच्या नोंदीत `LGTM` ही चार अक्षरे पडतात, बदल पुढे सरकतो, आणि महिन्याभराने हिशेबात पैशांचा फरक निघाला की सगळ्यांची समजूत अशी असते की दोघांनी तपासले होते. खरे तर एकानेही तपासलेले नसते. रिव्ह्यू झालाच नाही हे उघड असते, तर निदान पुढच्या माणसाने काळजी घेतली असती.

वर्णन निरुपयोगी आहे असे मात्र नाही. हेतू तपासायला ते लागतेच. 65 पूर्ण की 65 च्या पुढे, हा नियम मुळात काय आहे, वय प्रवासाच्या दिवशीचे धरायचे की तिकीट काढल्याच्या दिवशीचे, हे प्रश्न कोड न बघताही विचारता येतात आणि चांगला रिव्ह्यूअर ते विचारतो. पण तो तिथेच थांबतो. बदल बरोबर आहे की नाही, यावर तो एक अक्षरही लिहीत नाही.

वर्णन आणि कोड यांत किती अंतर पडू शकते, याचे अलीकडचे गाजलेले उदाहरण `xz` या प्रकल्पाचे आहे. फाइली आवळून लहान करणारे हे साधन असंख्य लिनक्स यंत्रांवर असते. 29 मार्च 2024 रोजी आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने जाहीर केले की त्याच्या 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांमध्ये चोरदरवाजा बसवलेला आहे. दुरून लॉगिन करताना साधारण अर्धा सेकंद जास्त लागतो, एवढ्या खुणेवरून ते मागावर गेले होते. जिया तान हे नाव लावणाऱ्या, प्रकल्पात मोठा विश्वास कमावलेल्या व्यक्तीच्या हातून ते काम झाले होते.

मुख्य चोरदरवाजा वेगळ्या जागी लपवलेला होता. त्याचा शोध चालू असताना त्याच व्यक्तीचा फेब्रुवारीतला आणखी एक बदल उजेडात आला. त्याचे वर्णन असे होते की लँडलॉक या लिनक्समधल्या सुरक्षा-कुंपणाची चाचणी दुरुस्त केली आहे. डिफमधल्या या तीन ओळी :

```
+        #include <sys/prctl.h>
+.
+        void my_sandbox(void)
```

मधल्या ओळीत एकच टिंब आहे. ही चाचणी म्हणजे एक छोटा सी प्रोग्राम असतो. तो कंपाइल झाला तर यंत्रावर लँडलॉक आहे असे समजायचे, नाही झाला तर नाही. त्या टिंबामुळे प्रोग्राम कधीच कंपाइल होणार नव्हता. सीमेक या साधनाने बांधणी केली की चाचणी प्रत्येक वेळी नापास होणार आणि कुंपण गुपचूप बंद राहणार. बांधणी मात्र सुरळीत पार पडणार. वर्णनात "दुरुस्ती", प्रत्यक्षात नेमके उलटे. मूळ देखभालकर्ते लास्से कॉलिन यांनी मार्चअखेर ते टिंब काढले.

हे टिंब महिनाभर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होते आणि सुटले, हेही नोंदवायला हवे. डिफ हाती असले म्हणजे चूक सापडतेच असे नाही. पण ते सापडू शकले, कारण ती ओळ कुठेतरी लिहिलेली होती. वर्णन शंभर वेळा वाचले असते तरी त्यात टिंब सापडले नसते.

रिकाम्या विनंतीमागे बहुतेक वेळा लबाडी नसते. कमिट केलेले असते, पण पुश करायचे राहून जाते आणि काम स्वतःच्याच यंत्रावर पडून असते. किंवा ब्रँच चुकीची निवडलेली असते, त्यामुळे फरक शून्य दिसतो. काही जण पडद्याचे छायाचित्र पाठवतात. त्यात आजूबाजूच्या ओळी कापल्या जातात आणि तो कोड चालवून बघता येत नाही. लिनक्स कर्नलच्या मंडळींनी यावर कडक नियम केला आहे : पॅच ईमेलच्या मजकुरातच, साध्या अक्षरांत घालायचा, म्हणजे वाचणाऱ्याला हव्या त्या ओळीखाली उत्तर लिहिता येते.

रिव्ह्यू मागणाऱ्याला यासाठी वेगळे कष्ट पडत नाहीत. मुख्य ब्रँचचे नाव `main` असेल, तर पाठवण्याआधी एवढे चालवायचे :

```
git diff main...HEAD
```

आपली ब्रँच फुटल्यापासून झालेला प्रत्येक कमिट केलेला बदल समोर येतो. काहीच आले नाही, तर समोरच्यालाही काही दिसणार नाही. आणि ज्याच्याकडे रिकामी विनंती येते त्याने संकोच न करता लिहावे : "हेतू समजला, डिफ पाठवा, मग बघतो." ते येईपर्यंत मंजुरी देऊ नये.